अठ्ठ्याहत्तर परत आलेली बिलं: प्रशिक्षणाचं बजेट मांडण्याआधी गरज कशी शोधायची

अंदाजपत्रकाचं परिपत्रक खात्यात आलं की हातात जेमतेम चार-सहा दिवस असतात. त्या गडबडीत प्रशिक्षणाच्या रकान्यात गेल्या वर्षीचा आकडा थोडा वाढवून टाकला जातो. कोणी फारच मनावर घेतलं तर सगळ्या शाखांना एक पत्र जातं, 'आपल्या कर्मचाऱ्यांना कोणतं प्रशिक्षण हवं ते कळवा'. उत्तरं ठरलेली असतात: संगणक, इंग्रजी संभाषण, ताणतणाव, कार्यालयीन कार्यपद्धती. मी ही पत्रं बरीच वर्षं वाचली आहेत. ती खोटी नसतात, पण तो प्रश्नच चुकलेला असतो. 'काय हवं' असं विचारलं की माणूस आवड सांगतो. काम कुठे अडतं ते त्या प्रश्नातून कळत नाही.

प्रशिक्षणाच्या गरजांचं विश्लेषण म्हणजे काय हे एका कामावरून नीट समजेल, म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतो. गोव्यातलं एक खातं. मुख्य कार्यालय पणजीला, उपकार्यालयं मडगाव, म्हापसा आणि फोंड्याला. या चारही ठिकाणी ठेकेदारांची आणि पुरवठादारांची बिलं तयार होतात, लेखा संचालनालयात जातात, तिथे तपासली जातात आणि चूक असेल तर आक्षेप लिहून परत येतात. बिलं फार परत येतात अशी कुरकुर होती. त्यावर खात्याने उपाय ठरवूनही टाकला होता: साठ कारकुनांना दोन दिवस 'कार्यालयीन कार्यपद्धती व लेखा' शिकवायचं. सभागृह आणि जेवणखाण माणशी रोज 1,200 रुपये धरून 1,44,000, व्याख्यात्यांचे 40,000, पुस्तिका व छपाई 26,000. एकूण 2,10,000 रुपये. शिवाय साठ माणसांचे दोन दिवस, म्हणजे कामाचे एकशेवीस दिवस, जे कुठल्याच कागदावर लिहिले जात नाहीत.

प्रस्ताव चांगल्या मनाने केलेला होता. मात्र परत आलेलं एकही बिल कोणी हातात घेऊन पाहिलं नव्हतं.

आधी आक्षेपाचे कागद वाचायचे

कोणत्याही गरजेचा पहिला पुरावा खात्याच्या कपाटातच असतो. आक्षेपांचे कागद, लेखापरीक्षणाचे शेरे, लोकांच्या तक्रारी, मुदतीत न झालेल्या कामांच्या नोंदी. गोव्यात नागरिकांना ठरलेल्या मुदतीत सेवा देण्याचा कायदा 2013 पासून आहे. त्यामुळे जी खाती थेट लोकांना दाखले किंवा परवाने देतात, त्यांच्याकडे कोणतं काम किती दिवसांत व्हायला हवं होतं आणि किती दिवसांत झालं, ही तुलना करायची सोय आहे. आमच्या उदाहरणात मात्र बिलंच पुरेशी होती.

कोणते महिने घ्यायचे यावर थोडा विचार लागतो. मार्चमध्ये सगळीकडे घाई असते आणि घाईच्या चुका वेगळ्या असतात. एप्रिल-मे महिन्यांत निधी नुकता येत असतो, बिलं थोडी असतात. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर हे सरळ चालणारे तीन महिने घेतले. त्या काळात 310 बिलं गेली आणि 78 परत आली. मग अठ्ठ्याहत्तर आक्षेप एकेक करून वाचले आणि टेबलावर चार ढीग केले. या कामाला दोन माणसं आणि दीड दिवस लागला.

सर्वांत मोठा ढीग 31 बिलांचा. त्यात जीएसटीची उगमाशी कपात, म्हणजे टीडीएस, चुकलेली होती. दुसऱ्या ढिगात 24 बिलं, ज्यांना मंजुरीच्या आदेशाची सही झालेली प्रत जोडलेली नव्हती. तिसऱ्यात 14, ज्यांच्या लेखाशीर्षात तेवढे पैसेच शिल्लक नव्हते. उरलेल्या 9 बिलांची कारणं किरकोळ आणि प्रत्येकाचं वेगळं.

आता दुसरा ढीग घ्या. मंजुरीचा आदेश पणजीला निघतो. सही झाल्यावर त्याची प्रत उपकार्यालयात पोचायला कधीकधी आठ-दहा दिवस जातात, कारण डाक ठरलेल्या दिवशीच सुटते. इकडे ठेकेदार रोज फेऱ्या मारतो, म्हणून मुख्य कारकून बिल पाठवून देतात आणि प्रत मागाहून जोडू म्हणतात. प्रत जोडावी लागते हे त्यांना पाठ आहे. तिसऱ्या ढिगातही तसंच. मुख्य कार्यालय एका शीर्षातला निधी दुसरीकडे वळवतं आणि तो बदल उपकार्यालयाला कळतच नाही. दोन्ही ठिकाणी शिकवण्यासारखं काही नव्हतं. सही झालेल्या आदेशाची स्कॅन केलेली प्रत त्याच दिवशी ईमेलने पाठवायची आणि शिल्लक निधीचा तक्ता दर सोमवारी उपकार्यालयांना द्यायचा, एवढे दोन आदेश काढल्यावर 38 बिलांचं कारण मार्गी लागतं. त्याला खर्च नाही.

केंद्राच्या कार्मिक व प्रशिक्षण विभागाच्या अभ्यासक्रमात ही छाननी तीन शब्दांत शिकवतात: परिस्थिती, प्रेरणा आणि वर्तन. काम नीट होत नाही याचं कारण बाहेरच्या परिस्थितीत असू शकतं, जसं की कागद न मिळणं, यंत्र नसणं, नियम अस्पष्ट असणं. ते माणसाच्या मनात असू शकतं, म्हणजे येतं पण करावंसं वाटत नाही. किंवा ते ज्ञान, कौशल्य आणि कामाकडे पाहण्याच्या दृष्टीत असू शकतं, आणि वर्तन या शब्दात ते हेच धरतात. प्रशिक्षणाने सुधारतं ते फक्त हे तिसरं. पहिल्या दोन कारणांवर वर्ग भरवला तर पैसे जातात, चूक राहते. वर कारकुनांना वाटतं की दोष आपल्या माथी मारला. मला याच गोष्टीचं जास्त वाईट वाटतं.

एकतीस बिलांच्या आत

जीएसटीच्या ढिगाकडे पाहून वाटलं, इथे तरी शिकवायलाच हवं. तरीही नेमकं काय चुकतं ते बघणं भाग होतं. नियम असा की सरकारी खात्याने कंत्राटाची एकूण किंमत कर सोडून अडीच लाखांच्या वर असेल तर 2 टक्के कपात करायची, 1 टक्का केंद्राच्या आणि 1 टक्का राज्याच्या करापोटी. ही कपात 1 ऑक्टोबर 2018 पासून लागू आहे. समजा इमारतीच्या दुरुस्तीचं कंत्राट सहा लाखांचं, कर वेगळा. ठेकेदाराचं पहिलं बिल आलं 2,00,000 रुपयांचं, त्यावर 18 टक्के जीएसटी 36,000, एकूण 2,36,000.

या एकाच बिलावर दोन प्रकारच्या चुका सापडल्या. काही जणांनी बिल अडीच लाखांच्या आत आहे असं पाहून काहीच कापलं नाही. नियम बिलाकडे पाहत नाही, कंत्राटाच्या किमतीकडे पाहतो, आणि कंत्राट सहा लाखांचं होतं. काही जणांनी 2,36,000 वर 2 टक्के धरून 4,720 रुपये कापले. कपात कर सोडून उरलेल्या 2,00,000 वर हवी, म्हणजे 4,000. दोन्ही चुका समजुतीच्या आहेत आणि समजावून सांगायला एक तास पुरे. दोन दिवस कार्यपद्धतीचा इतिहास ऐकून त्या सुटल्या नसत्या.

पुढचा प्रश्न, या चुका कोणाकडून होतात? साठ कारकुनांपैकी ठेकेदारांची बिलं तयार करतात फक्त नऊ जण. त्यांच्यावर सही करायच्या आधी तपासणी करतात चार मुख्य कारकून. या तेरा जणांसमोर पाच जुनी बिलं ठेवली, नावं झाकून, सोबत कंत्राटाची प्रत जोडून, आणि सांगितलं की यावर कपात काढा. पाऊण तास. ही परीक्षा नाही, गुण कुठेही लिहिले जाणार नाहीत, सेवापुस्तकाशी याचा संबंध नाही, हे आधीच सांगितलं आणि तसंच पाळलं. हा शब्द मोडला तर पुढच्या वर्षी कोणी खरं उत्तर देणार नाही.

नऊपैकी पाच जणांची कपात चुकली. चौघांची बरोबर आली. मुख्य कारकुनांतही दोघांची चुकली, आणि ही गोष्ट मी कागदावर जाड रेघ मारून लिहून ठेवली. चूक तपासणाऱ्याच्या लक्षात येत असती तर बिल कार्यालयाबाहेर गेलंच नसतं. नेहमीच्या यादीत मात्र मुख्य कारकुनांचं नाव कधी नसतं, कारण ते ज्येष्ठ असतात.

ज्यांचं उत्तर बरोबर आलं त्यांच्याकडे वळल्यावर चित्र आणखी उघडलं. एकतीसपैकी 17 बिलं चुकणाऱ्या पाच जणांची होती. एक बिल म्हापशाचं, जिथे दोन कारकून आहेत आणि दोघांचंही उत्तर बरोबर होतं. मग उरलेली 13 कोणाची? ज्यांना नियम येतो त्यांची.

त्यांतली 9 मडगावच्या एका बाईंच्या टेबलावरून गेली होती. त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसलो. त्यांनी ठेकेदाराचं बिल उघडलं, संगणकावर रकमा भरल्या, कपातीच्या रकान्यापाशी थांबल्या आणि रकाना रिकामा ठेवून पुढे गेल्या. मी विचारलं, "बाई, परवा तर तुम्ही पाचही बिलं बरोबर सोडवलीत?"

"परवा तुम्ही कंत्राटाची प्रत दिली होती, सर. इथं ती आम्हाला मिळत नाही. ती अभियंत्यांच्या शाखेत असते. कंत्राट दोन लाखांचं की वीस लाखांचं, मला कसं कळणार?"

हे उत्तर कुठल्याही प्रश्नावलीत आलं नसतं. म्हणून मी नेहमी सांगतो की कागद वाचून झाले तरी टेबलाजवळ जाऊन अर्धा दिवस बसा. बाईंना काहीही शिकवलं असतं तरी ती नऊ बिलं परत आलीच असती. पहिल्या बिलासोबत कंत्राटाच्या आदेशाची प्रत लेखा शाखेला द्यायची, एवढीच तिथली गरज होती. ती सोय आधी व्हायला हवी, कारण ती झाली नाही तर त्या पाच जणांना शिकवूनही उपयोग नाही. तेही त्याच रिकाम्या रकान्यापाशी अडतील.

राहिलेली चार बिलं फोंड्याच्या एका कारकुनाची. हा माणूस कामात चोख. त्यामुळे शेजारच्या टेबलावरची अवघड बिलंही त्याच्याकडे सरकवली जात. चांगलं काम करण्याचं बक्षीस म्हणून आणखी काम. चार बिलं त्याने संध्याकाळी सहानंतर केली होती. त्याला वर्गात बसवणं अन्याय झाला असता. कामाची वाटणी बदलणं वरिष्ठांच्या हातात होतं.

म्हणजे अठ्ठ्याहत्तरपैकी शिकवून सुधारतील अशी बिलं 17. पाचातलं एक, त्याहून किंचित जास्त.

म्हापशाचं काम का चुकत नाही हेही पाहिलं. तिथल्या कारकुनाने पुठ्ठ्यावर हाताने चार ओळी लिहून संगणकाच्या बाजूला चिकटवल्या होत्या: कंत्राट किती? कर सोडून अडीच लाखांवर आहे का? असेल तर बिलातला कर बाजूला काढ. उरलेल्यावर दोन टक्के. नियम लक्षात ठेवायची त्याला गरजच नव्हती. महिन्यातून दोन-चार वेळा लागणारा नियम असा समोर लिहिलेला असला की शिकवण्याचा निम्मा भार कमी होतो. शिवाय माणसाची बदली झाली तरी पुठ्ठा टेबलावरच राहतो. गोव्यात बदल्यांनी प्रशिक्षणाचे किती पैसे वाया जातात ते कोणत्याही आस्थापना शाखेला विचारा. म्हणून शिकणाऱ्यांची नावं नक्की करण्याआधी आस्थापनेला एकच प्रश्न करावा: यांतले कोण येत्या सहा महिन्यांत हलणार आहेत?

आकडा कसा बदलला

शेवटी अंदाजपत्रकात गेलं ते असं. पाच कारकून, दोन मुख्य कारकून आणि नुकत्याच रुजू झालेल्या एक बाई, असे आठ जण. अर्ध्या दिवसाची दोन सत्रं, मध्ये तीन आठवड्यांचं अंतर. पहिल्या सत्रात स्वतःचीच परत आलेली बिलं सोडवायची, दुसऱ्यात मधल्या काळात केलेली नवी बिलं आणून तपासायची. शिकवायला लेखा सेवेतले एक अनुभवी अधिकारी. त्यांचं मानधन 6,000, चहा-नाश्ता 2,400, येण्याजाण्याचा खर्च 3,000, आणि म्हापशाचा पुठ्ठा छापून लॅमिनेट करून सगळ्या टेबलांवर लावायला 600. एकूण 12,000 रुपये. तारखा चतुर्थीच्या सुट्टीपासून आणि विधानसभेच्या अधिवेशनापासून दूर ठेवल्या, कारण अधिवेशनाच्या दिवसांत प्रश्नांची उत्तरं तयार करायला सगळ्यात आधी हेच लोक उठवले जातात.

नेमका कोणता विषय शिकवायचा हे कळल्यावर बाहेरची मदतही नीट मागता येते. जुन्या गोव्यात एला इथे असलेली गिपार्ड, म्हणजे राज्याची लोकप्रशासन व ग्रामीण विकास संस्था, आणि 2020 साली मंजूर झालेल्या मिशन कर्मयोगीचं आयगॉट हे ऑनलाइन व्यासपीठ, या दोन्हींकडे खात्याने आधी पाहावं. सर्वसाधारण विषय तिथे असतील तर त्यासाठी वेगळी तरतूद कशाला? आपल्याच बिलांवरच्या चुका मात्र आपल्यालाच बसवून शिकवाव्या लागतात.

इथे एक शंका हमखास येते. राष्ट्रीय प्रशिक्षण धोरण 2012 मध्ये पगारावरच्या तरतुदीच्या अडीच टक्के रक्कम प्रशिक्षणासाठी ठेवावी असं म्हटलं आहे. पगाराची तरतूद बारा कोटी असेल तर ती रक्कम तीस लाख होते. मग बारा हजार मागून आपण आपलाच निधी घालवत नाही का? माझं मत स्पष्ट आहे. अडीच टक्के ही पैशाला जागा करून देण्याची रेषा आहे. त्या जागेत काय बसवायचं ते गरज पाहून ठरतं. आणि गरज पाहताना नुसतं मागे पाहून भागत नाही. परत आलेली बिलं कालच्या चुका दाखवतात. पुढे काय अडणार आहे ते दुसऱ्याच कागदावर असतं, निवृत्तीच्या यादीत.

याच खात्याची निवृत्तीची यादी समोर ठेवली तेव्हा अभिलेख कक्षातल्या एका सहायकाचं नाव होतं, दीड वर्ष उरलेलं. 1961 पूर्वीचे पोर्तुगीज कागद, हाताने लिहिलेले, वाचून दाखवणारे खात्यात ते एकटेच. कोणी जुना मालकीचा कागद घेऊन आला की चारही कार्यालयांतून फोन त्यांनाच. त्यांच्याविषयी एकही तक्रार नव्हती, एकही आक्षेप नव्हता, आणि म्हणूनच कोणत्याही शाखेच्या पत्रात ही गरज आलेली नव्हती. काम व्यवस्थित चाललेलं असतं तेव्हा त्यामागे एकच माणूस उभा आहे हे दिसत नाही.

हे दोन दिवसांत शिकवता येणारं काम नव्हे. आधी भाषा, मग जुन्या लेखनिकांचं वळण, त्यांचे संक्षेप, मापांची आणि जमिनीच्या प्रकारांची नावं. दोन तरुण कारकुनांनी आठवड्यातून तीन दिवस भाषेच्या वर्गाला जायचं आणि दोन दुपारी त्या सहायकांच्या शेजारी बसून खरे कागद वाचायचे, असं दीड वर्षाचं वेळापत्रक केलं. वर्गाची फी, जाण्यायेण्याचा खर्च आणि त्या दोघांच्या जागी लागणारी अर्धवेळ मदत यांची तरतूद दोन आर्थिक वर्षांत विभागून मांडली. निवृत्तीनंतर शिकवायला बोलावता येईल म्हणून मानधनाची वेगळी ओळही टाकली. बिलांच्या वर्गापेक्षा कितीतरी मोठी रक्कम झाली, पण लेखाधिकाऱ्यांनी तिच्यावर प्रश्न काढला नाही. निवृत्तीची तारीख समोर होती.

उपयोग झाला का, ते कशावरून

वर्ग संपल्यावर भरून घेतलेल्या अभिप्रायाच्या कागदांवर 'उत्तम' लिहिलेलं असतं. जेवण चांगलं असेल तर 'अत्युत्तम'. त्यावरून काही ठरवू नये. जिथून सुरुवात केली तिथेच परत जायचं: पुढच्या ऑक्टोबर ते डिसेंबरची परत आलेली बिलं घ्यायची आणि तेच चार ढीग करायचे. एकूण आकडा न पाहता ढीग वेगवेगळे पाहायचे. मंजुरीच्या प्रतीचा ढीग घटला असेल तर श्रेय ईमेलचं, वर्गाचं नव्हे. पाच जणांची सतरा बिलं किती उरली, यावरूनच वर्गाची किंमत कळते. म्हापशात कोणी वर्गाला आलं नव्हतं, तेव्हा तिथला आकडा शेजारी ठेवावा. तिथेही चुका अचानक वाढल्या असतील तर बहुधा नियमात काही बदललं आहे आणि सगळ्यांना नवी माहिती हवी आहे.

आकडे लहान असतात हेही ध्यानात असू द्या. सतराची बारा झाली तर ती सुधारणा असेल किंवा त्या तिमाहीत मोठी कंत्राटंच कमी असतील. म्हणून चुकीची बिलं मोजताना कपात लागू होणारी एकूण बिलं किती गेली हेही मोजावं लागतं. आम्ही पहिल्या वेळी ते मोजलं नव्हतं. 310 हा सगळ्या बिलांचा आकडा होता, त्यांत वीज-पाण्याचीही बिलं आली. दुसऱ्या वर्षी मागच्या नोंदवहीतून ती वेगळी काढताना दोन दिवस गेले.

आणखी एक खूण कोणत्याही खात्याला आजच्या आज पाहता येईल. मागच्या तीन वर्षांतल्या सगळ्या प्रशिक्षणांची हजेरीपत्रकं काढून शेजारी शेजारी ठेवा. विषय वेगवेगळे असूनही त्याच सात-आठ जणांची नावं पुन्हा पुन्हा दिसत असतील, तर तिथे गरज शोधली गेलेली नाही. ज्याला टेबलावरून उठवता येतं तो जातो. मडगावच्या त्या बाईंचं नाव तीन वर्षांच्या हजेरीपत्रकांत एकदाही नव्हतं.